पाचशेचे पाच रुपये आणि उघडी किल्ली

इचलकरंजीतल्या एका छोट्या साडीदुकानाची कल्पना करू. दुकानाचे संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा आहे आणि या कामावर एकटाच आहे. शनिवारी संध्याकाळी मालकांचा फोन येतो. पाचशे रुपयांची ओढणी गिऱ्हाइकाने मागवली आणि त्याच्या खात्यातून पाचच रुपये वळते झाले. मुलगा तासभर झटापट करतो. मग कॉलेजात दोन वर्षे पुढे असलेल्या, आता पुण्यात नोकरी करणाऱ्या दादाला व्हॉट्सॲपवर कोड पाठवतो आणि खाली लिहितो, "दादा, जरा बघ ना. ५०० चे ५ का होतायत? मालक बोंबलतायत." कोड असा आहे. त्यातली किल्ली अर्थातच या लेखापुरती बनवलेली.

```python
import razorpay

client = razorpay.Client(
    auth=("rzp_live_NAMUNA00000000", "NAMUNA000000000000000000")
)

order = client.order.create({
    "amount": 500,
    "currency": "INR"
})
```

चूक आठव्या ओळीत आहे आणि रेझरपेसोबत काम केलेल्या कुणालाही ती दहा सेकंदांत दिसेल. या सेवेला रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत सांगावी लागते. ५०० म्हणजे पाचशे पैसे, म्हणजेच पाच रुपये. दादाची बोटे "अरे, शंभरने गुण" असे टाइप करायला सरसावणार, हे स्वाभाविक आहे. पण त्याने आधी चौथी ओळ वाचायला हवी. तिथे दुकानाच्या गल्ल्याची किल्ली उघडी पडली आहे.

मदत मागणाऱ्याने पाठवलेल्या कोडमध्ये गुप्त किल्ली दिसली तर आधी काय करायचे? विचारलेली चूक दुरुस्त करायची, की न विचारलेला धोका सांगायचा? प्रश्न साधा वाटतो, पण प्रत्यक्षात बरेच जण पहिलीच गोष्ट करतात. काहींना दुसरी दिसतही नाही. दिसते त्यांना वाटते, विचारलेय त्याचे उत्तर द्यावे, उगाच शहाणपणा कशाला. या संकोचाची किंमत काय होते, ते चौथ्या ओळीतूनच समजून घेता येते.

त्या ओळीत दोन गोष्टी आहेत. `rzp_live_` ने सुरू होणारा भाग म्हणजे किल्लीचा क्रमांक. तो तसा गुप्त नाही. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये पैसे भरण्याची खिडकी उघडते तेव्हा तो तिथे जातोच, आणि पानाचा मूळ कोड उघडणाऱ्या कुणालाही दिसतो. खरे गुपित म्हणजे दुसरा भाग, ज्याला डॅशबोर्डवर की सिक्रेट म्हणतात. तो फक्त दुकानाच्या सर्व्हरवर असायला हवा. दोन्ही भाग एकत्र हाती आले की रेझरपेच्या दृष्टीने समोरचा म्हणजे दुकानदारच.

मग चोर काय करू शकतो? थेट पैसे आपल्या खात्यात वळवणे त्याला जमत नाही, म्हणून अनेकांना हा धोका किरकोळ वाटतो. पण तो आजवर आलेल्या पैशांची यादी मागवू शकतो. त्या यादीत गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक आणि ईमेल पत्ते असतात. तो पैसे परतही करू शकतो. परतावा मूळ भरणाऱ्यालाच जातो हे खरे, पण वीस हजारांची पैठणी मागवून ती घरी आल्यावर स्वतःचाच परतावा मंजूर करून घेणारे गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणा.

तिसरी गोष्ट त्याहून बारीक आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. पैसे भरून झाले की रेझरपे गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमार्फत दुकानाकडे तीन गोष्टी पाठवते. ऑर्डरचा क्रमांक, पेमेंटचा क्रमांक आणि एक सही. ही सही म्हणजे ते दोन क्रमांक मधल्या उभ्या रेघेने जोडून, की सिक्रेट वापरून एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला आकडा. दुकानाचा सर्व्हर तोच हिशेब स्वतः करतो आणि दोन्ही आकडे जुळले की ऑर्डरवर 'पैसे मिळाले' असा शिक्का मारतो. आता सिक्रेट ज्याच्याकडे आहे, त्याला ही सही घरबसल्या काढता येते. पेमेंटचा क्रमांक मनाने लिहावा, सही काढावी आणि दुकानाकडे पाठवावी. जे दुकान केवळ सही तपासते आणि पेमेंट खरेच झाले का हे रेझरपेला उलट विचारत नाही, ते एक पैसाही न घेता माल रवाना करते. पाचशेचे पाच झाले तर मालक त्याच संध्याकाळी फोन करतात. इथे मात्र महिनाअखेरीस ताळेबंद जुळेनासा होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणजे विचारलेली चूक दर ऑर्डरला चारशे पंच्याण्णव रुपयांची आहे आणि ती दिसते. न विचारलेली चूक किती रुपयांची, ते कुणालाच ठाऊक नाही आणि ती दिसतही नाही. क्रम ठरवायला एवढे कारण पुरे.

वेळेचा हिशेबही आहे. व्हॉट्सॲपवर एका दादाला पाठवलेली किल्ली म्हणजे जगजाहीर झालेली किल्ली नव्हे, हे मान्य. पण तोच मुलगा तोच कोड आणखी कुठेकुठे टाकणार असतो, किंवा आधीच टाकून बसलेला असतो. कॉलेजच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर. किंवा गिटहबवर सार्वजनिक प्रकल्प म्हणून, कारण नोकरीच्या अर्जात दाखवायला काम हवे असते. गिटहबवर गेलेली किल्ली किती लवकर सापडते, याचा अभ्यास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी केला आणि तो २०१९ साली मांडला. त्यांच्या पद्धतीने नवी किल्ली हाती लागायला मध्यक पाहता अवघे २० सेकंद लागत होते. एक लाखाहून अधिक प्रकल्पांमध्ये अशी गुपिते आढळली आणि रोज हजारो नव्यांची भर पडत होती. संशोधकांना जे जमते ते चोरांनाही जमते. पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये एका टोळीचा माग काढला. ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली गिटहबवर उघडी पडली की पाच मिनिटांच्या आत ही टोळी ती उचलत असे आणि तिच्या जोरावर भाड्याचे संगणक सुरू करून मोनेरो हे आभासी चलन काढत बसे. भाड्याचे बिल किल्लीच्या मालकाला.

यावर यंत्रांचा पहारा नाही असे नाही. गिटहब स्वतःच कोड चाळते आणि ओळखीच्या आकाराची किल्ली दिसली तर ती ज्या सेवेची असेल तिला कळवते. २०२४ पासून तर सार्वजनिक प्रकल्पात किल्ली चढवतानाच अडवण्याची सोय मुळातच चालू असते. एकट्या २०२४ मध्ये आपल्याकडे ३ कोटी ९० लाख गुपिते उघडी पडल्याचे आढळले, असे गिटहबने सांगितले आहे. पण हा पहारा गिटहबच्या वेशीवर आहे. दादाच्या व्हॉट्सॲपवर, ऑफिसच्या चॅटमध्ये, ईमेलला जोडलेल्या झिप फाइलमध्ये, स्क्रीनच्या फोटोत कोणतेही यंत्र डोकावत नाही. तिथे तो कोड वाचणारा माणूस एकच, ज्याला मदत मागितली तो. त्याने पाहिले नाही तर कुणीच पाहिले नाही.

पाहायचे म्हणजे काय शोधायचे? सुदैवाने बऱ्याच कंपन्यांनी आपल्या किल्ल्यांना आडनावे देऊन ठेवली आहेत. ॲमेझॉनच्या कायम किल्लीचा क्रमांक `AKIA` ने सुरू होतो, तात्पुरतीचा `ASIA` ने. गिटहबच्या वैयक्तिक टोकनची सुरुवात `ghp_` अशी, स्ट्राइपच्या खऱ्या गुप्त किल्लीची `sk_live_` अशी, स्लॅकच्या बॉटची `xoxb-` अशी. `-----BEGIN` ने सुरू होऊन ज्या ओळीत पुढे `PRIVATE KEY` येते, ती दिसली तर पुढे वाचायचीही गरज नाही. नजर चुकवतात त्या आडनाव नसलेल्या जागा. डेटाबेसचा पत्ता हे त्याचे नेहमीचे उदाहरण. `postgres://` पासून सुरू होणाऱ्या त्या लांबलचक ओळीत वापरकर्त्याच्या नावानंतर अपूर्णविराम असतो आणि त्याच्यापुढे @ या खुणेपर्यंत चक्क पासवर्ड लिहिलेला असतो. ती ओळ 'सेटिंग' वाटते, गुपित वाटत नाही. `curl` ची आज्ञा कुणी चिकटवली तर तिच्या `Authorization` शीर्षकात, आणि चुकीचा संदेश म्हणून पाठवलेल्या शंभर ओळींच्या लॉगमध्ये मधेच कुठेतरी, तीच कथा. पाठवणाऱ्याने कोडमधली किल्ली खोडलेली असते आणि खालच्या लॉगमध्ये ती जशीच्या तशी छापलेली असते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण ऊठसूट ओरडणाऱ्या राखणदाराचे कुणी ऐकत नाही. `AKIAIOSFODNN7EXAMPLE` ही ॲमेझॉनच्याच दस्तऐवजातली नमुन्याची किल्ली आहे. ती पाहून घाबरवणाऱ्याने स्वतःचेच हसे करून घेतले. `YOUR_KEY_HERE` लाही धोका नाही. स्ट्राइपची `pk_` ने सुरू होणारी किल्ली पानावर दिसण्यासाठीच असते, रेझरपेचा नुसता क्रमांकही तसाच. `rzp_test_` ची जोडी असेल तर खऱ्या पैशाला हात लागत नाही. तिथे एक ओळ पुरते, की चाचणीची आहे म्हणून निभावले, पण खरी किल्लीही याच जागी लिहिणार असशील तर आत्ताच सवय बदल.

गुगलची `AIza` ने सुरू होणारी किल्ली या दोन्हींच्या मधली आहे. फायरबेसच्या वेब ॲपमध्ये ती उघडी असणे गुगललाही मान्य आहे. पण तिच्यावर बंधने घातलेली नसतील, तर त्या प्रकल्पात चालू असलेल्या इतर पैसे लागणाऱ्या सेवांचे दारही तिने उघडते. तिच्याबाबतीत 'बदल' म्हणण्याऐवजी 'बंधने घातली आहेस का?' असे विचारणे अधिक बरोबर.

आता दादाने काय लिहावे? या प्रश्नावर तीन मते ऐकू येतात.

पहिले मत असे, की उत्तर द्यावे आणि शेवटी 'जाता जाता, किल्ली लपव' असे जोडावे. यात सौजन्य आहे, पण उपयोग नाही. ज्याच्या मालकांचा तिसरा फोन वाजतो आहे, तो उत्तरातला `* 100` उचलतो, चिकटवतो, चालले की 'थँक्स दादा, वाचवलंस' म्हणतो आणि निघून जातो. खालची ओळ वाचली गेली तरी ती तातडीची वाटत नाही, कारण सांगणाऱ्यानेच ती तळाला ठेवली.

दुसरे मत कडक मास्तरांचे. किल्ली बदलून ये, मग चूक सांगतो. शिस्त म्हणून छान दिसते, पण परिणाम उलटा होतो. अडलेला मुलगा तोच कोड, त्याच किल्लीसकट, तिसऱ्या-चौथ्या माणसाला पाठवतो. एका फोनवर असलेले गुपित आता पाच फोनांवर.

तिसरे मत या लेखकाला पटते. दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात, इशारा वर आणि दुरुस्ती खाली. इशारा छोटा, नेमका आणि लगेच करता येण्याजोगा हवा. साधारण असा:

"थांब, आधी एक. चौथ्या ओळीत तुझी लाइव्ह की आणि सिक्रेट दोन्ही दिसतायत. मला आलेत म्हणजे बाहेर गेलेत असंच धर. डॅशबोर्डवर जाऊन आत्ता नवीन की काढ, जुनी बंद कर. मेसेज डिलीट करून भागणार नाही. हे सगळ्यांचंच कधी ना कधी होतं, टेन्शन घेऊ नको. ५ रुपयांचं कारण खाली लिहिलंय."

यात काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. किल्ली पुन्हा लिहिलेली नाही, फक्त ओळ सांगितली आहे. कोड दुरुस्त करून परत पाठवताना तीच किल्ली तशीच ठेवून पाठवणे, ही मदत करणाऱ्यांची सर्वांत सामान्य चूक. मूळ संदेश पुढे खोडला तरी उत्तरातली प्रत उरते. दटावणीही नाही. लाजवलेला माणूस पुढच्या वेळी किल्ली लपवतो असे नाही, तो चूक लपवतो. आणि दादाने किल्ली 'चालतेय का' हे स्वतः वापरून पाहिलेले नाही. हा मोह अनेकांना होतो आणि हेतू चांगलाच असतो, पण दुसऱ्याच्या खात्यात त्याच्या परवानगीविना शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ च्या कक्षेत येऊ शकते. शिवाय मुलाला नंतर नोंदी तपासायच्या आहेत. त्यात दादाचीच पावले उमटली तर चोराची कोणती हे कसे ओळखायचे?

'मेसेज डिलीट करून भागणार नाही' ही ओळ मुद्दाम आहे, कारण पहिली धाव सगळ्यांची तिकडेच असते. खोडलेला मजकूर खोडण्याआधी कुणी पाहिला, कुणाच्या बॅकअपमध्ये गेला, कुणाच्या फोनच्या सूचनापट्टीवर उमटला, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. गिटच्या बाबतीत तर खोडणे हा शब्दच फसवा आहे. फाइलमधून ओळ काढून नवी नोंद केली तरी आधीच्या नोंदीत ती जशीच्या तशी राहते, कारण जुने सगळे सांभाळून ठेवणे हेच तर गिटचे काम. `.gitignore` मध्ये फाइलचे नाव आता घातले तरी जी फाइल आधीच नोंदली गेली आहे तिला ते लागू होत नाही. आपल्या प्रकल्पाच्या इतिहासात किल्ली कधी शिरली होती हे पाहायचे असेल तर एक आज्ञा पुरते:

```
git log --all --oneline -S "rzp_live_"
```

ज्या नोंदींमध्ये ही अक्षरे आली किंवा गेली, त्या नोंदी ती दाखवते. एकही ओळ आली नाही तर सुटकेचा नि:श्वास टाकायला हरकत नाही. आली, आणि प्रकल्प कधीकाळी सार्वजनिक होता, तर ती किल्ली जगाला ठाऊक आहे असे समजून चालावे. इतिहास नव्याने लिहिण्याची साधने आहेत, पण कुणी त्याआधी प्रत उतरवून घेतली असेल तर ती प्रत या साधनांच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून साफसफाई नंतर. किल्ली निकामी करणे आधी.

निकामी करण्यातही एक पेच आहे, आणि इथेच अनुभवी माणसाचे मत कामाला येते. रीतसर क्रम असा. नवी किल्ली काढायची, ती सर्व्हरवर बसवायची, एखादा छोटा व्यवहार करून पाहायचा आणि मग जुनी बंद करायची. यात दुकान एक मिनिटही बंद पडत नाही. पण तोवर जुनी किल्ली जिवंत राहते. किल्ली फक्त ओळखीच्या दादाच्या फोनवर गेली असेल तर तो अर्धा तास परवडतो. दोनशे जणांच्या ग्रुपवर किंवा सार्वजनिक प्रकल्पात गेली असेल तर नाही परवडत. तिथे जुनी किल्ली आधी मारायची. शनिवारच्या संध्याकाळी वीस मिनिटे पैसे भरण्याचे पान बंद राहील, दोन-चार गिऱ्हाइके चिडतील, मालक पुन्हा ओरडतील. ते चालेल. एक बारकावा मात्र लक्षात ठेवायचा. नवे सिक्रेट दाखवले जाते त्याच वेळी ते जपून उतरवून घ्यावे लागते, डॅशबोर्ड ते पुन्हा दाखवत नाही. घाईत खिडकी बंद केली की पुन्हा नवी किल्ली काढणे आले.

मग नोंदी. या दुकानाच्या बाबतीत दोनच गोष्टी ताडून पाहायच्या. दुकानाच्या डेटाबेसमध्ये 'पैसे मिळाले' असा शिक्का असलेल्या प्रत्येक ऑर्डरच्या समोर रेझरपेच्या यादीत खरे पेमेंट आहे का? आणि दिलेल्या प्रत्येक परताव्याची आठवण दुकानात कुणाला आहे का? पहिल्यात तफावत निघाली तर बनावट सही, दुसऱ्यात निघाली तर चोरीचा परतावा. ओढणीच्या दुकानाला महिन्याच्या तीनशे ऑर्डर असतील तर हे काम एका दुपारचे आहे.

एवढे सांगून झाल्यावर, त्याच उत्तराच्या खालच्या भागात, पाच रुपयांचे कोडे. दुरुस्त कोडमध्ये किल्ली कोडबाहेर जाते आणि रक्कम पैशांत:

```python
import os
import razorpay

client = razorpay.Client(auth=(
    os.environ["RAZORPAY_KEY_ID"],
    os.environ["RAZORPAY_KEY_SECRET"],
))

order = client.order.create({
    "amount": 500 * 100,
    "currency": "INR"
})
```

किल्ली आता सर्व्हरच्या पर्यावरणातून येते, म्हणजे पुढच्या वेळी हाच कोड दहा जणांना पाठवला तरी त्यात फक्त दोन नावे दिसतील. चूक दुरुस्त करणाऱ्याच्या हातूनच ही सवय लागते, वेगळे प्रवचन लागत नाही. जाता जाता दादाने आणखी एक सांगावे. किंमत ५०० ऐवजी १९.९९ असेल तर पायथनमध्ये `19.99 * 100` चे उत्तर 1998.9999999999998 येते आणि त्याला `int` लावले की 1998 उरते. एक पैसा गळतो. म्हणून किमती मुळातच पैशांत, पूर्णांकात साठवाव्यात.

हे सगळे एका साडीच्या दुकानापुरते, असे कुणाला वाटेल. पण मोठ्यांचे किस्से याहून वेगळे नाहीत, फक्त आकडे मोठे आहेत. उबरच्या एका अभियंत्याने ॲमेझॉनच्या साठवणीची किल्ली गिटहबवर सार्वजनिक ठिकाणी टाकली होती. तिला संपूर्ण प्रशासकीय अधिकार होते. मे २०१४ मध्ये एक घुसखोर त्या किल्लीने आत शिरला आणि कंपनीला ते सप्टेंबरमध्ये कळले. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुमारे ५० हजार चालकांची नावे आणि परवाना क्रमांक गेल्याचे तिने जाहीर केले. पुढे आकडा याहून मोठा असल्याचे निघाले. मग २०१६ मध्ये पुन्हा किल्लीच. या वेळी ती खासगी प्रकल्पात होती. चोरांनी कर्मचाऱ्यांचे इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून त्या खासगी प्रकल्पात प्रवेश मिळवला, तिथल्या कोडमध्ये किल्ली पाहिली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती उतरवून घेतली. 'प्रकल्प खासगी आहे, काय होतंय' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण झाकले आणि त्या झाकाझाकीसाठी तिच्या तेव्हाच्या सुरक्षा प्रमुखाला २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने दोषी ठरवले. कोडमध्ये किल्ली राहिली हा गुन्हा नव्हता. ती वापरली गेल्याचे कळूनही सांगितले नाही, हा होता.

किल्ली सापडल्यावर लोक ती बदलतात, असे मानायलाही फार आधार नाही. अशा गुपितांचा मागोवा घेणाऱ्या गिटगार्डियन या फ्रेंच कंपनीने २०२५ च्या अहवालात लिहिले, की २०२२ साली उघड्या पडलेल्या किल्ल्यांपैकी ७० टक्के अजून चालू होत्या. त्यांच्या मालकांपैकी कित्येकांनी ती ओळ कोडमधून काढलीही असेल. कुलूप मात्र जुनेच.

इथे मदत करणाऱ्याचे महत्त्व पुन्हा पुढे येते. मालकाला स्वतःची किल्ली दिसत नाही. रोज पाहून ती त्याच्यासाठी कोडचाच भाग झालेली असते, जसा घराच्या दाराशेजारी ठेवलेला कुंडीखालचा किल्ल्यांचा जुडगा घरच्यांना दिसेनासा होतो. बाहेरून आलेल्याला तो पहिल्या नजरेत दिसतो. कोड पहिल्यांदाच वाचणाऱ्या माणसाचा हा फायदा काही मिनिटांचाच असतो. तो चुकीच्या मागे लागला, आठव्या ओळीत गुंतला, की चौथी ओळ त्याच्याही नजरेआड जाते. म्हणून काही जण एक सोपी रीत पाळतात. कोड समजून घेण्याआधी तो फक्त अवतरणचिन्हांसाठी वरून खाली चाळायचा. अवतरणचिन्हांत अर्थ नसलेली लांब अक्षरमाळ दिसली की थांबायचे. याला अर्धे मिनिट लागते.

पाहणारे डोळे नसतील तर काय होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण टोयोटाचे आहे. कंपनीच्या टी-कनेक्ट या गाडीमालकांसाठीच्या सेवेच्या संकेतस्थळाचे काम एका उपकंत्राटदाराकडे होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्याकडून मूळ कोडचा काही भाग गिटहबवर सार्वजनिक झाला आणि त्या कोडमध्ये ग्राहकांची माहिती ठेवलेल्या सर्व्हरची किल्ली होती. जवळजवळ पाच वर्षे तो तिथे होता. १५ सप्टेंबर २०२२ रोजी तो सापडला, लगेच खासगी करण्यात आला आणि १७ सप्टेंबरला किल्ली बदलली गेली. २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक या किल्लीच्या टप्प्यात होते. त्या पाच वर्षांत ती कुणी वापरली का, हे तपासण्यासाठी सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या गेल्या. बाहेरच्या कुणी प्रवेश केल्याचे त्यांतून सिद्ध होत नाही, पण केला नाही असेही ठामपणे म्हणता येत नाही, असे कंपनीने ऑक्टोबरमध्ये आपल्या ग्राहकांना कळवले.